पंचवीसचा आकडा: व्हॅन्कोमायसिन, अमिकासिन आणि पाच दिवसांत खालावलेली किडनी

अतिजोखमीच्या संसर्गात व्हॅन्कोमायसिन आणि अमिकासिनसारखं अमिनोग्लायकोसाइड ही जोडी अजूनही अनेक रुग्णालयांत पहिल्या रात्री सुरू होते. दोन्ही औषधं किडनीवाटे बाहेर पडतात आणि दोन्ही किडनीला इजा करू शकतात. या प्रकरणात औषधाची लेव्हल मागवली गेली होती, ती वेळेत आलीही होती. तरीही तिच्यावर कृती झाली नाही. का झाली नाही, हा या लेखाचा मुख्य विषय. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषधं, मात्रा आणि आकड्यांचा क्रम मात्र शिकण्यासाठी जसा हवा तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

रुग्ण 64 वर्षांचे पुरुष, वजन 60 किलो, मधुमेह आणि रक्तदाब. तीन आठवड्यांपूर्वी गुडघ्याचा सांधा बदलला होता. घरी गेल्यावर गुडघा सुजत गेला, दुखण्यासाठी ते रोज डायक्लोफिनॅक घेत होते, आणि रक्तदाबासाठी रॅमिप्रिल चालूच होतं. थंडी वाजून ताप आला तेव्हा संध्याकाळी भरती झाले. रक्तदाब 90/56, नाडी 118, जीभ कोरडी, गुडघा लाल आणि गरम. क्रिएटिनिन 0.9.

हा 0.9 आकडा पाहून सगळ्यांना हायसं वाटलं. पण तीन आठवडे अंथरुणाला धरून असलेल्या माणसाचे स्नायू घटलेले असतात, आणि क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. त्यामुळे किडनी प्रत्यक्षात जेवढी चालते त्यापेक्षा हा आकडा चांगला दिसतो. कॉकक्रॉफ्ट–गॉल्टच्या सूत्रानं क्रिएटिनिन क्लिअरन्स मिनिटाला साधारण 70 मि.लि. येत होता. तोही कदाचित फुगलेलाच.

ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी सलाईन सुरू केलं, रॅमिप्रिल बंद केलं, रक्ताचे कल्चर पाठवले, सांध्यातलं पाणी काढून तपासणीला दिलं. हे सगळं बरोबर. मग रात्री 8 वाजता व्हॅन्कोमायसिनचा 1500 मि.ग्रॅ.चा लोडिंग डोस, म्हणजे किलोमागे 25 मि.ग्रॅ., आणि 9 वाजता अमिकासिन 900 मि.ग्रॅ., किलोमागे 15 मि.ग्रॅ., दिवसातून एकदा. पूर्वी लघवीत एकदा औषधांना दाद न देणारा ग्रॅम-निगेटिव्ह जंतू सापडला होता, म्हणून अमिकासिन जोडलं. रक्तदाब पडलेला असताना पहिल्या रात्री दोन्ही बाजू झाकणं समजण्यासारखं आहे. एका डोसानं सहसा किडनी बिघडत नाही.

दुसऱ्या दिवसापासून व्हॅन्कोमायसिन 1 ग्रॅम दर 12 तासांनी. ही मात्रा कुणी मोजून काढलेली नव्हती. हातात बसलेली मात्रा आहे ती. मोजली असती तर काय दिसलं असतं? व्हॅन्कोमायसिनचा क्लिअरन्स ढोबळमानानं क्रिएटिनिन क्लिअरन्सच्या तीन-चतुर्थांश धरतात. म्हणजे या रुग्णात मिनिटाला 52 मि.लि., तासाला 3.1 लिटर. दिवसाला 2000 मि.ग्रॅ. दिले तर 24 तासांचा एयूसी 2000 भागिले 3.1, म्हणजे जवळपास 640. एयूसी म्हणजे दिवसभरात औषध रक्तात किती आणि किती वेळ होतं याचा एकत्रित हिशोब. 2020 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसच्या गंभीर संसर्गात तो 400 ते 600 च्या दरम्यान हवा. म्हणजे किडनी अगदी धडधाकट आहे असं धरूनही आपण पहिल्याच दिवशी वरची रेघ ओलांडून बसलो होतो. 750 मि.ग्रॅ. दर 12 तासांनी दिले असते तर एयूसी 480 च्या आसपास आला असता.

दुसरा आणि तिसरा दिवस

दुसऱ्या दिवशी दुपारी रक्त आणि सांध्यातलं पाणी दोन्हींत ग्रॅम-पॉझिटिव्ह कॉकाय, झुपक्यांत, असा निरोप आला. तिसऱ्या दिवशी सकाळी सांधा उघडून धुतला. दोनेक तासांची शस्त्रक्रिया, मधे थोडा वेळ रक्तदाब खाली. नंतर दुखण्यासाठी डायक्लोफिनॅकची दोन इंजेक्शनं. त्याच संध्याकाळी अंतिम अहवाल आला: एमआरएसए, दुसरा कुठलाही जंतू नाही.

अमिकासिन इथं थांबायला हवं होतं. थांबलं नाही, कारण ते थांबवायचं काम कुणाच्या नावावर नव्हतं. प्रिस्क्रिप्शनवर शेवटची तारीख नव्हती, शस्त्रक्रियेचा चमू जखमेकडे पाहत होता आणि मेडिसिनचा चमू ज्वराच्या तक्त्याकडे. तिसऱ्या आणि चौथ्या रात्रीचे डोस गेले. ते दोन डोस कोणत्याही जंतूसाठी नव्हते.

निर्णयाचा क्षण: लेव्हल आली, पण बाजूला पडली

व्हॅन्कोमायसिनची लेव्हल तिसऱ्या दिवशी रात्री 8 च्या डोसाआधी घ्यायची ठरली होती. सिस्टरनी 7 वाजून 40 मिनिटांनी रक्त काढलं आणि बाटलीवर वेळ लिहिली. आकडा आला 25.

डोसाच्या अगदी आधीची, म्हणजे ट्रफ लेव्हल, जुन्या पद्धतीत 15 ते 20 धरायचे. 25 जास्त होती. रात्रीच्या डॉक्टरांनी केस पेपर चाळला तेव्हा लक्षात आलं की सकाळचा 8 चा डोस शस्त्रक्रियेमुळे साडेदहाला लागला होता आणि दुपारी 12 ला संपला होता. म्हणजे रक्त 12 तासांनी नव्हे, 9 तासांनी घेतलं गेलं. त्यांनी नोंद केली: ‘लेव्हल चुकीच्या वेळी. ग्राह्य नाही. उद्या पुन्हा.’ आणि 8 चा डोस 8 लाच लागला, आधीच्या डोसानंतर साडेनऊ तासांत.

निरीक्षण अगदी अचूक होतं, निष्कर्ष तेवढा चुकला. चुकीच्या वेळी घेतलेली लेव्हल निरुपयोगी नसते. निरुपयोगी असते ती वेळ माहीत नसलेली लेव्हल. इथं तर डोस कधी लागला, कधी संपला, रक्त कधी काढलं, तिन्ही वेळा कागदावर होत्या.

या आकड्याचं काय करता आलं असतं ते पाहू. व्हॅन्कोमायसिन शरीरात किलोमागे साधारण 0.7 लिटर जागेत पसरतं. 60 किलोला 42 लिटर. आतापर्यंतचे चारही डोस त्यांच्या खऱ्या वेळांसह मांडले आणि क्लिअरन्स तासाला 3.1 लिटर धरला, तर 7:40 ला लेव्हल 19 च्या आसपास यायला हवी होती. आली 25. हा आकडा जुळायला क्लिअरन्स 2.5 पर्यंत खाली आणावा लागतो. मग दिवसाचा एयूसी होतो 2000 भागिले 2.5, म्हणजे 800. दुसऱ्या बाजूनं पाहिलं तरी तेच दिसतं: पूर्ण 12 तास होईपर्यंत थांबलो असतो तरी ही लेव्हल 21 च्या खाली गेली नसती. वेळेची चूक दुरुस्त करूनही औषध साचत होतंच.

एका लेव्हलवरचा हा हिशोब पसरण्याच्या जागेचा अंदाज बरोबर आहे असं धरून चालतो. प्रत्यक्षात ती जागा माणसागणिक बदलते, सलाईन भरपूर दिलेल्या रुग्णात वाढतेही. म्हणून त्या रात्रीचं शहाणं उत्तर ‘डोस थांबवा आणि सकाळी आणखी एक लेव्हल घ्या’ हे होतं. दोन लेव्हल मिळाल्या की औषध किती वेगानं उतरतंय हे गृहीत धरावं लागत नाही, मोजता येतं. रक्तात 25 असताना रात्रीचा एक डोस पुढे ढकलल्यानं संसर्गाचं काही बिघडलं नसतं.

त्या दिवशीचं क्रिएटिनिन 1.1 होतं. चौथ्या दिवशी 1.3. प्रयोगशाळेच्या छापील कागदावर सामान्य मर्यादा 1.3 पर्यंत होती, म्हणून आकड्यापुढे कसलीही खूण आली नाही. पण याच माणसाचं दोन दिवसांपूर्वीचं क्रिएटिनिन 0.9 होतं. 48 तासांत 0.3 किंवा जास्त वाढ म्हणजे केडिगो या आंतरराष्ट्रीय किडनी संस्थेच्या निकषांनुसार किडनीची तीव्र इजा, पहिली पायरी. कागद सांगत होता सगळं ठीक, आणि रुग्णाचा स्वतःचा आलेख सांगत होता की नाही. त्यात दुपारी पायांवर सूज दिसली म्हणून फ्युरोसेमाइड 20 मि.ग्रॅ. शिरेतून दिलं गेलं. ‘उद्या पुन्हा’ म्हटलेली लेव्हल त्या दिवशी पाठवलीच गेली नाही.

पाचवा दिवस

पाचव्या दिवशी पहाटेचं क्रिएटिनिन 1.9. मूळच्या दुपटीहून जास्त, म्हणजे दुसरी पायरी. आम्हाला, म्हणजे नेफ्रॉलॉजीला, त्या सकाळी बोलावणं आलं. सुदैवानं 8 चा डोस लागायचा होता. तो थांबवून 7 वाजताच लेव्हल पाठवली. आली 40. आदल्या दिवसाचा एयूसी एव्हाना हजारावर गेला होता.

अमिकासिन त्याच क्षणी बंद केलं आणि शेवटच्या डोसाला 24 तास होत आले तेव्हा त्याची लेव्हल घेतली. 8 आली. किडनी नीट चालत असेल तर अमिकासिनचं अर्धायुष्य दोन-तीन तासांचं असतं. 24 तासांनी रक्तात जवळपास काहीच उरत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी 5 ही डोसाआधीच्या लेव्हलची वरची हद्द मानतात. तोवर चार डोस झाले होते आणि अमिकासिनची ही पहिलीच लेव्हल होती.

वॉर्डात मुलीनं विचारलं, “डॉक्टर, बाबांना लघवी तर भरपूर होतेय. मग किडनी बिघडली कशी?” प्रश्न अगदी रास्त होता. आदल्या दिवशी 1800 मि.लि. लघवी झाली होती, आणि लघवी चांगली आहे म्हणूनच वॉर्डात कुणी फारसं घाबरलं नव्हतं. अमिनोग्लायकोसाइडची इजा बहुतेकदा अशीच असते. गाळणी चालू राहते, पण गाळलेलं पाणी परत खेचून घट्ट करणाऱ्या नळ्या निकामी होतात. त्यामुळे पाणी जातं आणि कचरा मागे राहतो. सोबत पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही निसटतं. त्यांचं पोटॅशियम 3.2 होतं आणि मॅग्नेशियम 1.3, दोन्ही कमी. किडनी बिघडताना पोटॅशियम वाढायचं सोडून घसरत असेल, तर या गटाच्या औषधाचा संशय घ्यायलाच हवा.

लघवीच्या तपासणीत मातकट तपकिरी दाणेदार कास्ट भरपूर दिसले, म्हणजे नळ्यांच्या पेशी गळून पडत होत्या. सोनोग्राफीत अडथळा नव्हता. आदल्या दिवशी सलाईन वाढवूनही क्रिएटिनिन उतरलं नव्हतं, त्यामुळे नुसती पाण्याची कमतरता हे कारण पुरेसं नव्हतं. अंगावर पुरळ नाही, इओसिनोफिल वाढलेल्या नाहीत. ॲलर्जीतून येणारी किडनीची सूज पूर्ण नाकारता आली नाही, पण मागे पडली.

किडनीत काय घडत होतं

अमिकासिन गाळणीतून लघवीत उतरतं तेव्हा त्यातला थोडासा भाग सुरुवातीच्या नळीच्या पेशी आत ओढून घेतात. ओढणारं प्रथिन मेगॅलिन. आत गेलेलं औषध लायसोसोममध्ये साठत जातं, तिथली चरबीची विल्हेवाट बिघडवतं, आणि पुरेसं साठलं की पेशी मरते. म्हणून इजा साधारण पाच ते सात दिवसांनी दिसते, आणि पेशीत साठलेलं औषध हळूहळूच बाहेर पडत असल्यानं डोस बंद केल्यावरही क्रिएटिनिन काही दिवस चढत राहतं.

या ओढून घेण्याला मर्यादा आहे. दारावर एका वेळी ठराविकच माणसं आत सोडायची, तसं. म्हणून दिवसाची मात्रा एकदम दिली तर लेव्हल उंच चढते, पण पेशी त्या प्रमाणात जास्त ओढत नाहीत. उरलेलं औषध वाहून जातं आणि नंतरचे बरेच तास पेशींना विश्रांती मिळते. जंतू मारायला याच उंच लेव्हलचा उपयोग होतो. त्यामुळे अमिकासिन दिवसातून एकदाच देण्याचा इथला निर्णय योग्यच होता. पण तो फायदा विश्रांतीच्या तासांवर टिकून आहे. क्लिअरन्स घसरला आणि 24 तासांनीही रक्तात 8 उरलं, की विश्रांती संपते आणि दिवसातून एकदा दिलेलं औषध सलाईनमधून अखंड चालू असल्यासारखं वागू लागतं.

व्हॅन्कोमायसिनचा मार्ग वेगळा, जागा बरीचशी तीच. नळीच्या पेशींत ऑक्सिडेटिव्ह ताण, आणि काही रुग्णांत औषधाचे कास्ट नळीत अडकलेलेही सापडले आहेत. त्याची जोखीम एकूण मात्रेशी आणि काळाशी बांधलेली आहे, म्हणून एयूसी पाहायचा.

दोघं एकत्र आले की घसरण स्वतःलाच गती देते. एकानं थोडी इजा केली की दोघांचाही निचरा मंदावतो, लेव्हल चढते, इजा वाढते. रक्तदाब पडणं, डायक्लोफिनॅक, फ्युरोसेमाइड यांनी त्यात भर घातली. चार डोसांत एवढी इजा एकट्या अमिकासिनमुळे होणं सहसा अपेक्षित नसतं. कुणाचा वाटा किती, हे इथं वेगळं काढता येत नाही, आणि तसं काढायचा आग्रह धरू नये असं माझं मत आहे.

पर्याय

अमिकासिनबद्दल वाद नव्हता. प्रश्न होता एमआरएसए असलेल्या सांध्याचं काय करायचं.

पहिला पर्याय व्हॅन्कोमायसिनच चालू ठेवायचा, लेव्हल पाहून डोस द्यायचा. संसर्ग उतारावर होता, औषध लागू पडत होतं. पण उपचार सहा आठवड्यांचा, आणि रोज बदलणाऱ्या किडनीत रोज लेव्हलच्या मागे धावत राहायचं. टायकोप्लॅनिन किडनीला सौम्य मानलं जातं, तरी त्यालाही लेव्हल लागते. लिनेझोलिडला किडनीचा अडसर नाही, पण दोन आठवड्यांनंतर प्लेटलेट पडण्याची धास्ती, आणि किडनी मंद असेल तर ती जास्त. शिवाय रक्तात जंतू असताना ते आमची पहिली पसंती नव्हतं. उरलं डॅप्टोमायसिन. त्यात स्नायूंवर लक्ष ठेवायला आठवड्याला सीपीके करावं लागतं आणि फुप्फुसाच्या संसर्गात ते चालत नाही. इथं छाती स्वच्छ होती.

डायलिसिसनं व्हॅन्कोमायसिन काढून टाकावं का, असाही प्रश्न राउंडला निघाला. हाय-फ्लक्स डायलिसिसनं ते निघतं हे खरं. पण रुग्णाला डायलिसिसची इतर कोणतीही गरज नव्हती, आणि केवळ आकड्यासाठी मोठी नळी घालणं आम्हाला पटलं नाही.

काय केलं

सहाव्या दिवशी सकाळी 7 ला पुन्हा व्हॅन्कोमायसिनची लेव्हल घेतली. 26 आली. मधे डोस नसल्यामुळे हिशोब सरळ होता:

```
ke = ln(40 / 26) / 24 = 0.018 प्रति तास
t½ = 0.693 / 0.018 = 38.5 तास
```

भरतीच्या वेळी अंदाजे 9 तासांचं अर्धायुष्य आता 38 तासांवर गेलं होतं. क्रिएटिनिन त्या सकाळी 2.5 होतं आणि त्यावरून किडनी जेवढी मंद वाटत होती, त्याहून ती जास्त मंद होती. क्रिएटिनिन रक्तात साचायला वेळ लागतो, त्यामुळे घसरणीच्या काळात ते कायम एक-दोन दिवस मागची बातमी देतं. औषधाचा उतार मात्र त्या 24 तासांत काय घडलं हेच सांगतो.

याचा एक फायदाही घेतला. लेव्हल एवढी असताना जंतूंविरुद्ध संरक्षण चालूच होतं, म्हणून घाईनं दुसरं औषध जोडलं नाही. सातव्या दिवशी लेव्हल 17 आली. अंदाज 17 चाच होता. त्या दिवशी डॅप्टोमायसिन 480 मि.ग्रॅ., किलोमागे 8 मि.ग्रॅ., सुरू केलं, क्लिअरन्स 30 च्या खाली असल्यानं दर 48 तासांनी. ॲटोर्वास्टॅटिन तोवर बंद ठेवलं, कारण दोन्ही औषधं स्नायूंना त्रास देऊ शकतात.

बाकी कामं साधी होती, पण ती नेमानं केली. डायक्लोफिनॅक आणि फ्युरोसेमाइड बंद, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आणि नर्व्ह ब्लॉक. लघवी जितकी तितकं पाणी, न जास्त न कमी. मॅग्नेशियम आधी भरलं, कारण ते कमी असताना पोटॅशियम कितीही दिलं तरी टिकत नाही. पायाच्या रक्तवाहिन्यांसाठी ठरलेला कॉन्ट्रास्ट सीटी पुढे ढकलला.

परिणाम

क्रिएटिनिन आठव्या दिवशी 3.1 वर पोचलं, म्हणजे तिसरी पायरी, आणि दोन दिवस तिथंच थांबलं. मग लघवी तीन लिटरच्या वर गेली आणि आकडा उतरू लागला. दोन आठवड्यांनी 2.2, तीन आठवड्यांनी 1.5. क्लिअरन्स 30 च्या वर गेल्यावर डॅप्टोमायसिन रोज केलं. डायलिसिस लागलं नाही. सांधा वाचला. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन 1.1, म्हणजे छापील कागदावर सामान्य, पण मूळच्या 0.9 पेक्षा वर, आणि तोवर वजनही घटलेलं. पूर्ण भरपाई झाली असं मी म्हणणार नाही.

कानाची तपासणी केली. 6 आणि 8 किलोहर्ट्झला ऐकू कमी येत होतं. हे वयानं आहे की अमिकासिननं, हे सांगता येईना, कारण आधीची तपासणी नव्हती. किडनीच्या नळ्यांच्या पेशी पुन्हा उगवतात, आतल्या कानातल्या केसपेशी उगवत नाहीत. त्यामुळे उपचार काही दिवसांपेक्षा जास्त चालणार असेल तर सुरुवातीची ऑडिओमेट्री करून ठेवावी, आणि कानात आवाज येतो का, चालताना तोल जातो का हे रोज राउंडला विचारावं.

काय वेगळं करता आलं असतं

मला विचाराल तर सगळ्यात मोठा फरक अमिकासिन दुसऱ्या दिवशी दुपारी, ग्रॅम स्टेन आल्याबरोबर, किंवा फार तर तिसऱ्या संध्याकाळी थांबवल्यानं पडला असता. लेव्हल कितीही काटेकोर मोजली तरी न दिलेल्या डोसाइतकं सुरक्षित काही नसतं. त्या रुग्णालयात आता अमिकासिनची ऑर्डर 72 तासांनी आपोआप संपते. पुढे हवी असेल तर कुणीतरी नाव आणि कारण लिहून ती नव्यानं द्यावी लागते. सुरुवातीला यावर कुरकुर झाली, विशेषतः रविवारी.

अमिकासिनऐवजी पिपरॅसिलिन–टॅझोबॅक्टम दिलं असतं तर, असंही चर्चेत आलं. तीही निर्धोक वाट नाही. व्हॅन्कोमायसिनसोबत दिल्यावर क्रिएटिनिन वाढताना वारंवार दिसतं. त्यातला काही भाग खऱ्या इजेचा नसून क्रिएटिनिन बाहेर टाकण्याची वाट अडल्याचा असावा, कारण किडनीचं दुसरं मोजमाप असलेलं सिस्टॅटिन सी तितकं हलत नाही. पण वॉर्डात क्रिएटिनिन चढलेलं पाहून ‘हे खोटं असेल’ म्हणत बसणं धोक्याचं आहे.

दुसरी गोष्ट लेव्हलची. 2009 च्या सूचनांमध्ये गंभीर संसर्गात ट्रफ 15 ते 20 ठेवायला सांगितलं होतं. 2020 मध्ये त्यांनी फक्त ट्रफवर चालणं सोडून एयूसी घ्यायला सांगितलं, कारण त्या ट्रफच्या मागे लागून किडन्या जास्त बिघडत होत्या आणि बऱ्याच रुग्णांना एवढ्या ट्रफची गरजही नव्हती. एयूसीसाठी पहिल्या 24 ते 48 तासांत दोन नमुने पुरतात: डोस संपल्यावर एक-दोन तासांनी एक, पुढच्या डोसाआधी दुसरा. बेझियन सॉफ्टवेअर असेल तर एकही चालतो, आणि तो ठराविक घटकेलाच हवा असंही नाही. आपल्या 25 ला त्यात टाकलं असतं तर त्याच रात्री उत्तर मिळालं असतं.

सॉफ्टवेअर नसलं तरी चालतं, पण वेळा नसतील तर काहीच चालत नाही. म्हणून नमुन्याच्या फॉर्मवर तीन रकाने वाढवले: डोस लागला कधी, संपला कधी, रक्त काढलं कधी. यातला मधला रकाना सिस्टर आणि डॉक्टर दोघंही विसरतात, आणि सलाईन मधे अडकून तासभर थांबलं असेल तर नेमका तोच महत्त्वाचा ठरतो. चौथी सूचना तोंडी दिली जाते: औषध ज्या हातात चालू आहे त्या हातातून किंवा त्याच लाईनमधून रक्त काढायचं नाही. तसं काढलं तर आकडा भलताच वर येतो, आणि मग खरी उंच लेव्हलही ‘लाईनमधून घेतली असेल’ म्हणून बाजूला पडते.

क्रिएटिनिनच्या कागदाचं मात्र अजून पूर्ण सुटलेलं नाही. प्रयोगशाळेनं छापील मर्यादेऐवजी रुग्णाच्या स्वतःच्या आधीच्या आकड्याशी तुलना करून खूण द्यावी, असं सुचवलं आहे. भरती रुग्णांत ते शक्य झालं. बाहेरून आलेल्या, जुना आकडाच नसलेल्या रुग्णात आधार घ्यायचा कशाचा, यावर अजून चर्चा चालू आहे. तोवर ही दोन औषधं चालू असलेल्या प्रत्येक रुग्णाचे आधीचे तीन आकडे राउंडला मोठ्यानं वाचले जातात.